जुन्या टीव्हीवर बाबा

आमच्या दादाने गावाला आजवर जे काही पाठवलं, ते त्याच्या मुंबईच्या घरातून आधी बाद झालेलं होतं. झाकण न बसणारा मिक्सर आला, एका बाजूने खचलेला सोफा आला, त्याच्या मुलाला लहान झालेली सायकल आली. ती सायकल आमच्या घरात कोणी चालवावी, हे त्याने सांगितलं नाही. टीव्हीही तसाच आला. टेम्पोतून उतरवून घेतला, तेव्हा त्याचा फोन आला, "मोठा आहे हां, नीट लाव. बाबांना आवडेल." त्याच्या आवाजात दानशूराचा संथपणा होता. त्या आठवड्यात त्याच्या घरी नवा, भिंतभर टीव्ही लागला होता, हे मला वहिनीने टाकलेल्या फोटोवरून कळलं.

तोंडवलीच्या आमच्या घरात तेव्हा बाबा आणि मी, अशी दोघंच होतो. बाबा जन्मभर जहाजावर खलाशी. परतल्यावर माड आणि थोडं भात सांभाळलं. मी शाळेत शिकवत होते, मुदतीआधीच निवृत्ती घेतली, आणि बाबांचे हात कापायला लागले त्याच सुमारास घरी बसले. लग्न केलं नाही. याबद्दल लोकांना जेवढं कुतूहल आहे तेवढं मला स्वतःला कधी वाटलं नाही.

दादा घरच्या ग्रुपवर फोटो टाकायचा. दर सुट्टीत नवा देश, नवा बर्फ, नवं कुटुंबचित्र. बाबांना ते बघायचे असत. पण फोन त्यांच्या कापऱ्या हातात ठरत नसे. अंगठा भलतीकडे लागे, फोटोच्या जागी कुणाला तरी फोन लागे. मी धरून दाखवावा तर डोळ्यांना दिसत नसे. "कोण ह्यो? झील माझो? आणि हा काय, डोंगर?" असं विचारत ते नाक स्क्रीनला टेकवत. आपल्या मुलाचं सुख बघायला म्हाताऱ्या माणसाने इतकं वाकावं, याचा मला राग यायचा. मुलाला तो कधी आला नाही, कारण मुलाने ते बघितलंच नव्हतं.

एकदा टीव्हीच्या मागची धूळ पुसताना मला इंटरनेटची वायर लावायची खाच दिसली. नेटची पेटी बाजूच्याच कपाटावर होती. तिथून एक वायर टीव्हीपर्यंत ओढली. तो टीव्ही जुना. फोनचा पडदा जसाच्या तसा त्यावर उमटवायची सोय त्याच्यात नाही. पण त्याच्या मेनूमध्ये, पेनड्राइव्हच्या खाली, 'मीडिया सर्व्हर' अशी एक ओळ होती. माझ्या फोनच्या सेटिंगमध्येही तशाच नावाची सोय सापडली. ती चालू केली, कुठले फोल्डर दाखवायचे ते फोनने विचारलं, तर मी सगळ्यांवर खूण केली. टीव्हीवर जाऊन बघते तर माझ्या फोनचं नाव! फोनने विचारलं, या टीव्हीला आत येऊ देऊ का? मी म्हटलं, दे.

त्यात जादू काही नाही. फोन दुकानासारखा उघडा राहतो, आणि टीव्ही गिऱ्हाइकासारखा येऊन हवी ती वस्तू उचलून नेतो. दोघं एकाच नेटच्या पेटीला जोडलेले असले की झालं. फोनचं नेट संपलेलं असलं तरी चालतं, कारण सगळी ये-जा घरातल्या घरात. फक्त फोनला बॅटरी वाचवायची हौस आली की तो मध्येच दुकान बंद करतो, म्हणून ती हौस मी सेटिंगमधून काढून टाकली.

पहिल्या दिवशी अर्धे फोटो आडवे पडले. उभा धरून काढलेला फोटो फोन स्वतः सरळ करून दाखवतो, पण या टीव्हीला ती खूण वाचता येत नाही. बाबा मान वाकडी करून सुनेकडे बघत बसले. "ही कित्याक निजली गो?" मी हसले तेव्हा तेही हसले. मग मी फोन आडवा धरूनच फोटो काढायला लागले. किनाऱ्यावर जायचे, ओढलेल्या होड्या, वाळत घातलेली सुकी मासळी, खाडीच्या तोंडाशी आलेलं गढूळ पाणी, जे दिसेल ते. संध्याकाळी बाबा टीव्हीसमोर बसून एकेका होडीवर मतं देत. कुणाचा दोर चुकीचा बांधलाय, कुणी रंग स्वस्तातला लावलाय. दादाच्या बर्फाचे फोटोही लावायचे. ते बघताना बाबा गप्प बसत. बर्फात मत द्यायला काही नसतं.

कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हाताचा कंप, चालणं, उठणं, यांचे व्हिडिओ काढून ठेवा, औषध बदललं की फरक कळतो. ते मी काढत गेले. बाबांना अजिबात आवडायचं नाही. ते व्हिडिओ फोनमध्ये बाकीच्या सगळ्यांबरोबर पडून राहिले. बाबा गेले, तरी पडून राहिले.

बाबांच्या आजारपणात दादा एकदा आला. दोन रात्री राहिला. पहिल्या दिवशी बाबांबरोबर फोटो काढले, दुसऱ्या दिवशी समुद्राबरोबर. बाबा गेल्यावर आला तो दहन उरकल्यावर, कारण सुट्टी मिळायला वेळ लागला. त्याने दशक्रियेला इतकं मोठं रडून दाखवलं की भटजी मंत्र थांबवून बघत राहिले.

वर्षश्राद्धाला मात्र तो आधीच आला, वहिनीसह, आणि फिल्म घेऊन आला.

"बाबांवर एक फिल्म बनवली आहे," तो म्हणाला. गावात पाय ठेवला की तो जरा जास्तच पुस्तकी मराठी बोलतो. "जेवणं झाली की सगळ्यांना दाखवू. संगीत वगैरे घातलंय. मी स्वतः एडिट केलं."

"बघूया मगे," मी म्हटलं.

पानं उठली. माणसं फार नव्हती. वालावलहून काका आलेले, आणि बाबांची धाकटी बहीण, आमची आत्या, जी या घरात लहानाची मोठी झाली आणि अजून कुठल्या खिडकीची कडी कशी लावायची ते मला शिकवते. दोघं ओटीवरून आत येऊन बसले. शेजारच्या दोनचार बायका दाराशी. वहिनी पंख्याखाली. दादा टीव्हीसमोर उभा राहिला, फोन हातात, चेहऱ्यावर उद्घाटनाचा भाव.

आधी त्याने फोनवर कुठलंसं बटण दाबलं आणि टीव्हीकडे बघितलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

"याच्यात स्क्रीन येत कसा नाही?"

"येवचो नाय," मी म्हटलं. "जुनो टीव्ही आसा. मीडिया सर्व्हर लाव. तेचा ॲप गावता."

"कसला सर्व्हर? मी ऑफिसात सर्व्हरचंच काम बघतो." तो हसला, काकांकडे बघून, जणू मी लहान आहे आणि आम्ही दोघांनी मिळून हे सहन करायचं आहे. "टीव्हीच भंगार आहे हा. कुठून उचलला?"

"तूच धाडलंस," आत्या म्हणाली.

वहिनीने पदराने वारा घेतला.

शेवटी त्याने ॲप उतरवलंच. टीव्हीवर त्याच्या फोनचं नाव येईना. सर्व्हरचंच काम बघणाऱ्या माणसाचा फोन स्वतःच्या सिमच्या नेटवर होता, घरच्या पेटीवर नव्हताच. ते मी सांगितलं. पासवर्ड दिला. तरी नाव येईना. ॲपने मघाशी विचारलं होतं, घरच्या नेटवरची इतर उपकरणं शोधू का, तर घाईत त्याने नको म्हटलं होतं. तेही मी सांगितलं. एवढं होईपर्यंत दारातल्या बायकांनी कोकम सरबताचे पेले रिकामे करून उपडे ठेवले होते.

मग नाव आलं. दादाने रिमोट असा उचलला की बंदुकीचा बार काढतोय. फिल्मचं नाव टीव्हीवर दिसलं, त्याने दाबलं, आणि टीव्हीने सांगितलं की ही फाइल चालवता येत नाही.

"फोर के आहे ना," दादा म्हणाला. "हाय क्वालिटी. या डब्याला झेपणार नाही."

हे खरं होतं. त्याचा नवा फोन व्हिडिओ ज्या नव्या पद्धतीने दाबून बसवतो, ती या टीव्हीला उलगडता येत नाही. त्याचे फोटोही उघडेनात. तेही तसल्याच नव्या प्रकारचे. चौकोनावर चौकोन, मध्ये काही नाही. बर्फ नाही, समुद्र नाही, दादा नाही.

"माका मेसेजवर धाड," मी म्हटलं. "थंयसून जाताना तो बारीक आणि साधो होवन जाता. माझ्या फोनावरसून लागतलो."

"वेडी आहेस का? क्वालिटी जाते सगळी."

"बाबांचा तोंड दिसला म्हंजे झाला मा."

"तुला नाही कळायचं ते."

त्याला फिल्म खराब दिसण्यापेक्षा न दिसलेली चालणार होती. मी पेले गोळा करून स्वयंपाकघरात गेले. दादा सगळ्यांना आपला फोन हातोहात फिरवून दाखवू लागला. फिल्मच्या सुरवातीला सूर्योदय होता, आणि संगीत असं की एखादी पतपेढी उघडतेय. काकांनी फोन लांब धरला, जवळ धरला, आणि पुढे दिला. त्यांचे डोळे बाबांसारखेच झालेत. आत्याने तर हातातही घेतला नाही.

"बाय," तिने मला हाक मारली, "तू बाबाक दाखवायस ती होडयेची चित्रा लाव. ती तरी दिसतली."

मी माझा फोन चालू केला. टीव्हीवर त्याचं नाव आलं. फोटोंच्या फोल्डरमध्ये जाऊन बाबांना दाखवायचे त्या होड्यांचे दोनचार लावले, काकांच्या हाती रिमोट दिला आणि भांड्यांकडे वळले. भजनाची तयारी व्हायची होती. काका पुढे पुढे करत राहिले. फोटो संपले की टीव्ही परत यादीवर येतो, आणि खालची ओळ व्हिडिओंची. काकांनी ती दाबली. त्या टीव्हीवर व्हिडिओचं चित्र आधी दिसत नाही, नुसते आकडे दिसतात. एक लावला की तो संपल्यावर पुढचा आपोआप लागतो.

मी आत भांडी विसळत होते आणि बाहेर बाबा बोलले.

त्या आवाजासरशी हातातलं भांडं मी तसंच टाकलं. धावत आले तर टीव्हीभर बाबा, पंचा नेसलेले, उघडे, खाटेच्या कडेवर. हात पुढे धरलेले आणि दोन्ही हात कापतायत. आणि माझा आवाज, फोनमागून, शाळेतल्यासारखा: "फुडे धरा बाबा. आणि थोडे. दाक्तरांका दाखवचे आसत."

मी रिमोट घ्यायला हात पुढे केला. एवढ्या माणसांसमोर, दारातल्या बायकांसमोर, माझा बाप उघडा बसला होता. ज्या माणसाने आयुष्यात सदऱ्याचं बटण न लावता दारात पाऊल टाकलं नाही.

"रव गो," आत्या म्हणाली. "माझो भाव आसा तो."

मी हात मागे घेतला.

एक संपला, दुसरा लागला. बाबा पडवीतून चालतायत, माझा हात झटकतायत. तिसऱ्यात त्यांनी मला शिवी दिली, आणि काका मोठ्याने हसले, आणि मग रुमाल शोधू लागले. चौथ्यात पुन्हा खाट, पुन्हा हात. त्यात बाबा अचानक कॅमेऱ्याकडे बघतात.

"दाक्तराक हात कित्याक दाखवतंस, तोंड दाखव," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि दादावर दात खाव नको. तेका रजा गावणा नाय. तो थंय कामात आसा. तो येतलो."

दादा खुर्चीतून उठला आणि टीव्हीच्या जवळ गेला.

"तेची वाट बघूची लागता," बाबा पुढे म्हणाले. "तुझी कित्याक बघूक व्हयी? तू हंयच आसस."

तिथे माझा आवाज येतो, "हात, बाबा." मग संपतं.

दादा रडत होता. खरं रडत होता, हे मला मान्य करावं लागेल. दशक्रियेतलं रडणं मी पाहिलेलं होतं, फरक ओळखता येत होता. नाक पुसायलाही त्याला सुचत नव्हतं. क्षणभर मला वाटलं, आता हा माझ्याकडे वळेल आणि काहीतरी बोलेल. काय, ते मला माहीत नव्हतं. पण मी ओले हात तसेच धरून उभी राहिले.

तो वळला. माझ्याकडे नाही, काकांकडे.

"बघितलंत?" तो म्हणाला. "बाबांना माहीत होतं. मला सुट्टी मिळत नव्हती, हे त्यांना माहीत होतं."

वहिनीने मान डोलावली. एवढं वर्ष जी गोष्ट त्यांच्या गळ्यात अडकली होती, ती बाबांनी स्वतः, उघड्या अंगाने, माझ्याच फोनमधून काढून दिली होती. काकांनी नुसतं "हां" केलं. दारातल्या बायका आपल्या पायांकडे बघत होत्या.

जाताना दादाने तो व्हिडिओ मागितला. "साधा मेसेजवर पाठवू नको, क्वालिटी जाईल. डॉक्युमेंट म्हणून पाठव." मी तसाच पाठवला. चार मिनिटं चाललं ते पाठवणं, तो गाडीत बसून स्क्रीनकडे बघत होता, आणि वहिनी आंब्याच्या पेट्या मोजत होती.

काही दिवसांनी फिल्म ग्रुपवर आली. क्वालिटी गेलेली, साधी झालेली, त्यामुळे आमच्या टीव्हीवर सरळ लागली. मी एकटीच बघितली. सूर्योदय, संगीत, दादा बाबांबरोबर, दादा समुद्राबरोबर. आणि शेवटी बाबा. पंचा दिसू नये म्हणून चौकट वर सरकवलेली, त्यामुळे हातही गेले. नुसता चेहरा. "तेका रजा गावणा नाय. तो थंय कामात आसा. तो येतलो." तिथे चित्र थांबतं, काळंपांढरं होतं, आणि बासरी वाजते. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. परदेशातल्या कुणीतरी लिहिलं होतं, किती भाग्यवान मुलगा.

मी दादाला फोन केला. सहसा मी करत नाही.

"फुडचा कित्याक कापलंस?"

"कुठलं पुढचं?"

"बाबा फुडे बोललेत ता."

"अगं, लांब होत होतं. लोक एवढं बघत नाहीत. आणि त्यात तसं काही नव्हतं ना."

मग त्याने विचारलं, पाऊस आहे का. मी म्हटलं, आहे. नव्हता.

पूर्ण व्हिडिओ ग्रुपवर टाकावा असं मनात आलं होतं. फोन हातात घेऊन बसलेही. पण मग तिथेही हातांची रांग लागली असती, परदेशातून कुणीतरी मलाही भाग्यवान म्हटलं असतं, आणि दादाने स्वतः अंगठा दाखवला असता. त्या लोकांच्या हवाली करायला ते वाक्य मला दोन कारणांनी नको होतं. एक म्हणजे ते माझं होतं. दुसरं, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. असलेल्या माणसाची वाट बघावी लागत नाही, हे कौतुक आहे की नुसती सोय, हे बाबांना विचारायला हवं होतं. मी तेव्हा हातांकडे बघत होते.

पुढल्या महिन्यात आत्या राहायला आली. दुपारी आडवी होता होता म्हणाली, "तो बाबाचो लाव गो. आखो लाव, दादान तोडलेलो नको."

मी लावला. ती पाय मुडपून टीव्हीसमोर बसली. बाबांनी शिवी दिली तिथे ती हसली, आणि "तू हंयच आसस" आलं तेव्हा माझ्याकडे बघितलं.

"आमच्या आवशीकडेय असोच बोलायचो," ती माझ्या आजीबद्दल म्हणाली. "जहाजावरसून इलो काय बापसाक मिठी, शेजाऱ्यांका मिठी. आवस चुलीकडे. तिका म्हणायचो, तुका काय नवीन सांगूचा, तू आससच. ती रागवायची."

"आणि मगे?"

"मगे काय. तेका जेवक वाढायची."

मी पेज गरम करायला उठले. मागे टीव्हीवर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला होता, आणि आत्या बाबांना सांगत होती, नीट चल, पाय उचल.